छोट्या छापखान्याला अर्ज: दोन पत्रांपैकी कोणतं पाठवावं?

मी बरीच वर्षं एका छोट्या ऑफसेट छापखान्यात डीटीपी आणि प्लेटचं काम पाहिलं. डिझायनरची जागा निघाली की आलेले अर्ज मालक माझ्याकडे द्यायचे, म्हणून हे लिहितो आहे. परवा ओळखीतल्या एका मुलीने दोन मसुदे दाखवले आणि विचारलं, "काका, यातलं कोणतं देऊ?" पत्रं दोन्ही नीट लिहिलेली होती. दोघांत फरक होता तो पोर्टफोलिओतलं कोणतं काम पुढे केलंय याचा.

ती अर्ज करत होती तो छापखाना सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातला. १५ बाय २० इंचाचं एकरंगी मशीन, कटिंग मशीन, नंबरिंग आणि परफोरेशनची सोय. कामं म्हणजे बिलबुकं, लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं आणि पावसाळ्यात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. चाररंगी काम ते बाहेरून छापून आणतात.

पहिल्या पत्राचा गाभा असा होता:

"मी सर्जनशील व मेहनती ग्राफिक डिझायनर असून लोगो, ब्रँडिंग, सोशल मीडिया पोस्ट आणि पॅकेजिंग यांचा अनुभव आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर व कोरलवर प्रभुत्व आहे. माझे सर्व काम खालील लिंकवर पाहता येईल."

दुसऱ्या पत्राचा गाभा:

"आपल्याकडे पतसंस्थांचे अहवाल छापले जातात, म्हणून सोबत मी जुळवलेल्या एका अहवालाची छापील प्रत जोडली आहे. आतील २४ पाने एका रंगात आहेत. कृपया पान १० व ११ पाहावे. दुसरा नमुना दोन रंगांतील लग्नपत्रिकेचा आणि तिसरा नंबर टाकलेल्या बिलबुकाचा आहे."

पहिल्या पत्रातल्या लिंकवर ४० कामं होती. त्यातली काही खरंच देखणी होती, एका कॉफीच्या पाकिटाचं डिझाइन तर फारच सुंदर. पण मालक ती लिंक मोबाइलवर उघडणार, तेही काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना. पाच-सहा चित्रं सरकवल्यावर त्यांच्या मनात एकच प्रश्न राहतो, हिला माझं काम येतं का? पहिलं पत्र हा प्रश्न वाचणाऱ्यावर सोडून देतं, तर दुसऱ्यातलं "पान १० व ११ पाहावे" हे वाक्य त्याचं उत्तर हातात ठेवतं.

ती दोन पानंच का, ते सांगतो. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. लेखापरीक्षण होऊन मजकूर हाती येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि सगळ्या संस्थांना अहवाल एकाच वेळी हवा असतो. अहवालात ताळेबंद असतो. त्याची 'भांडवल व देणी' ही बाजू डाव्या पानावर आणि 'जिंदगी व येणी' उजव्या पानावर अशी समोरासमोर यावी लागते, म्हणजे ताळेबंद सम पानावरच सुरू झाला पाहिजे. ताळेबंदाच्या आधी येणाऱ्या संचालक मंडळाच्या यादीत एक पान कमी-जास्त झालं की ताळेबंद ९ किंवा ११ व्या पानावर जातो आणि सभासदाला बेरीज जुळवायला पान उलटावं लागतं. ज्याने कधी अहवाल केला नाही, त्याला हे चेअरमन प्रूफ परत पाठवतात तेव्हा कळतं. हिने तो १० आणि ११ वर आणला होता, मागचं वर्ष आणि चालू वर्ष असे दोन्ही रकाने उजवीकडून एका रेषेत होते, आणि दोन्ही पानांची शेवटची बेरीज एकाच उंचीवर होती. मालकाला हे बघायला दहा सेकंद पुरतात.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, आणि ती पत्रात लिही असं मी तिला आग्रहाने सांगितलं. संस्थेला मथळे लाल हवे होते. ए-४ आकाराची २४ पानं या मशीनवर ए-३ कागदाच्या एका बाजूला दोन याप्रमाणे छापली, तर एका रंगाला १२ प्लेट लागतात. लाल रंग घेतला की आणखी १२ प्लेट आणि तेच सगळे कागद पुन्हा मशीनमधून काढायचे. हिने मथळ्यांच्या मागे काळ्याचीच १५ टक्के टिंट दिली, मथळे ठळक केले आणि संस्थेला तसं प्रूफ दाखवून मान्य करून घेतलं. पत्रात हे असं आलं: "मथळ्यांसाठी दुसरा रंग न घेता काळ्याची टिंट वापरली, त्यामुळे १२ प्लेट वाचल्या." छोट्या छापखान्याच्या मालकाला डिझायनरबद्दल याहून कामाची माहिती दुसरी नाही.

लग्नपत्रिकांच्या बाबतीत निवड अवघड होती. तिच्याकडे दोन होत्या. एक जलरंगातल्या फुलांची, चाररंगी, कोणालाही आवडेल अशी. दुसरी मरून आणि सोनेरी, दोनच शाई. पहिली पत्रिका एकरंगी मशीनवर काढायची तर कागद चार वेळा घालायचा, आणि प्रत्येक वेळी रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसण्याची जागा, केसभर हललं तरी फुलांच्या कडा दुहेरी दिसतात. दुसऱ्या पत्रिकेत मरून अक्षरं आणि सोनेरी वेल यांच्यात तिने दीड मिलिमीटर जागा मोकळी सोडली होती. दोन्ही रंग कुठेच एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या फेरीत कागद जरासा सरकला तरी डोळ्याला खटकत नाही. मी दोनरंगी पत्रिका जोडायला सांगितली. चाररंगी तिने मुलाखतीला जाताना पिशवीत ठेवावी, मालकांनी विचारलं तर काढावी.

पत्रिकेत मराठी मजकुराचाही प्रश्न असतो. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, म्हणजे तो युनिकोडमध्ये येतो. छापखान्यात मात्र अजून श्री-लिपीचे जुने फॉन्ट आणि कोरलचं जुनं व्हर्जन चालू असतं. मजकूर सरळ चिकटवला की जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. कन्व्हर्टरने बदलून घेतला तरी 'ऱ्या', रफार आणि काही जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. आडनावातला रफार उडाला तर ती पत्रिका वाटता येत नाही. "युनिकोडचा मजकूर आपल्याकडील फॉन्टमध्ये बदलून घेऊन मी तो मूळ मजकुराशी ओळ-ओळ ताडून पाहते" एवढं एक वाक्य पहिल्या पत्रातल्या "प्रभुत्व आहे" याच्या जागी कितीतरी अधिक सांगतं.

बिलबुकाचा नमुना दिसायला सगळ्यात साधा, त्यामुळे मुलं तो पोर्टफोलिओत घालतच नाहीत. पत्रात त्याला दोनच ओळी पुरतात: नंबरिंगसाठी वर उजवीकडे मोकळी जागा ठेवली आहे, आणि परफोरेशनच्या डावीकडे मजकूर नाही. ग्रिपरची कडा सोडल्याचंही लिहावं. मशीनची पकड जिथे कागद धरते तिथला साधारण १० मिलिमीटरचा पट्टा छापता येत नाही, आणि नवख्या डिझायनरच्या फाइलमध्ये नेमकी तिथेच चौकट असते.

आता पहिल्या पत्राची बाजू, कारण ते सगळीकडे चुकीचं ठरत नाही. छापखान्यात डिजिटल मशीन असेल, बाजारपेठेत काउंटर असेल आणि रोज नवे दुकानदार येऊन "कार्ड करून द्या, लेबल करून द्या" म्हणत असतील, तर तिथे लोगो आणि पाकिटांचं कामच पुढे करायला हवं. तिथे प्लेट वाचवण्याचा प्रश्न येत नाही. गिऱ्हाइकासमोर बसून अर्ध्या तासात काहीतरी पसंत पडेल असं करून दाखवणं हे तिथलं काम. मात्र तिथेही ४० कामांची लिंक देऊ नये. चार कामं निवडावीत आणि प्रत्येकाखाली ते कोणत्या कागदावर, किती प्रतींत छापलं गेलं ते लिहावं. नुसत्या सोशल मीडिया पोस्ट असतील तर दोन्ही प्रकारच्या छापखान्यांना त्यांचा उपयोग थोडाच.

समोरचा छापखाना यातला कोणता, हे अर्जाआधी एकदा जाऊन पाहिलं की कळतं. दोन लेटरहेडचा भाव विचारायच्या निमित्ताने आत डोकवावं. मशीन किती रंगी आहे, कट्ट्यावर कोणते कागद रचलेत, कोपऱ्यातल्या रद्दी शीटवर काय छापलंय, एवढं बघून परत यावं. पत्राची पहिली ओळ तिथूनच सुचते.

हातात छापलेलं काहीच नसेल तर? कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेल्यांची ही खरी अडचण आहे. अशा वेळी आठ पानी नमुना अहवाल स्वतः जुळवावा, आकडे आणि संस्थेचं नाव काल्पनिक घ्यावं, आणि पत्रात स्पष्ट लिहावं की हा सरावासाठी केलेला नमुना आहे, छापलेला नाही. खऱ्या संस्थेचं काम जोडायचं तर आधी त्यांना विचारावं आणि कर्जदारांची यादी असलेलं पान काढून टाकावं.

फाइल देताना एक तपासणी चुकवू नये. पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडून Output Preview मध्ये Black ची खूण काढावी. अक्षरं नाहीशी झाली तर ती शुद्ध काळ्यात आहेत. पुसट तपकिरी दिसत राहिली तर ती चार रंगांत फुटली आहेत, आणि एकरंगी मशीनवर जाणारी फाइल अशी असेल तर प्लेट करणाऱ्याला ती परत पाठवावी लागते. आमच्याकडे आलेल्या एका अर्जात नमुन्याची फाइल अशीच होती. डिझाइन चांगलं होतं, पण मालकांनी पत्र बाजूला ठेवलं.

शेवटी तिने दुसरं पत्र घेतलं, त्यात प्लेटचं आणि फॉन्टचं वाक्य घातलं आणि शेवटचा परिच्छेद असा केला:

"अहवालाच्या २४ पानांची जुळणी मी चार दिवसांत केली व दोन प्रुफांत मजकूर अंतिम झाला. हंगामात एका वेळी दोन अहवालांचे काम सांभाळू शकेन. नंबरिंग व बाइंडिंगचे काम मला येत नाही, ते शिकण्याची तयारी आहे. आपण सांगाल त्या दिवशी एखादे चालू काम आपल्या संगणकावर करून दाखवीन."

पत्र एका पानात बसलं. तिने ते तिन्ही नमुन्यांसह ए-४ पाकिटात घातलं, अहवाल दुमडू नये म्हणून मागे पुठ्ठा ठेवला, आणि दुपारी तीनच्या सुमारास, काउंटरवर गर्दी नसते तेव्हा, स्वतः नेऊन दिलं.