खुर्ची की ओटा? साठीनंतर घरच्या व्यायामाची सुरुवात

घरी व्यायाम सुरू करायचा तर सोलापुरातल्या बहुतेक घरांत दोन जागा सहज मिळतात: एक भक्कम खुर्ची आणि स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा. खुर्चीवरच्या उठाबशीने मांड्यांत बळ येतं. ओट्याला धरून उभं राहिलं की तोल सुधारतो. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही, पण सुरुवात कोणत्या जागेपासून करायची हे आधी ठरवावं लागतं.

त्यासाठी घरातलं कुणीतरी शेजारी उभं करा आणि दोन गोष्टी तपासा. पहिली: १७ इंच उंचीच्या खुर्चीवर बसून दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ आणि पुरुषाला १२ वेळाही जमलं नाही, तर पायांतलं बळ कमी आहे. दुसरी: ओट्याजवळ एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवून, हात न धरता उभं राहा. १० सेकंद टिकलं नाही तर तोल कच्चा आहे. जे कमी पडलं तिथून सुरुवात करा. दोन्ही कमी पडलं तर आधी खुर्ची, कारण पाय भरवशाचे नसतील तर तोल गेल्यावर सावरणार कशाने?

पूर्व भागात आयुष्यभर मांडी घालून विड्या वळलेल्या ६६ वर्षांच्या बाईंचं उदाहरण घेऊ. गुडघे दुखतात, उठाबशा ७ झाल्या आणि पावलापुढे पाऊल ६ सेकंद टिकलं. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून लाकडी किंवा लोखंडी बरी. बैठकीवर सोलापुरी चादरीची घट्ट घडी ठेवली की उंची दोन-तीन इंच वाढते आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. घडी सरकत नाही ना, ते आधी हाताने दाबून बघावं.

आता खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागात बसायचं. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. नाक पावलांच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं आणि श्वास सोडत उठायचं. खाली येताना मनात तीन अंक मोजायचे. धपकन बसलं तर खाली येतानाची स्नायूंची मेहनत वाया जाते, शिवाय कंबरेला हिसका बसतो. उठताना गुडघे आत वळत असतील तर पावलं एकमेकांपासून थोडी लांब ठेवावीत. पहिल्या आठवड्यात ५ वेळा, दोन मिनिटं विश्रांती, परत ५ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. एका दमात १० सहज व्हायला लागले की चादरीची एक घडी कमी करावी.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच दिवसांत ओटा जोडायचा. गॅस बंद, फरशी कोरडी, पाठीमागे खुर्ची. पाणी येण्याच्या दिवशी बादल्या-पिंपांच्या गडबडीत फरशी ओली असते, तो दिवस टाळावा. साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर खोचून घ्याव्यात. ओट्यावर दोन्ही तळवे टेकवून १० वेळा टाचा उचलायच्या आणि हळू खाली आणायच्या. मग एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धं पुढे ठेवून १० सेकंद उभं राहायचं, नंतर पाय बदलायचे. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: ओट्याची कड घट्ट आवळली जाते, भार हातांवर जातो आणि पायांना शिकायला काही उरतच नाही. म्हणून आधार टप्प्याटप्प्याने काढायचा: आधी दोन तळवे, मग एक, मग दोन बोटं, शेवटी हात ओट्याच्या दोन इंच वर तयार. नजर समोरच्या भिंतीवर, पावलांकडे नाही.

जमिनीवर सतरंजी टाकून करायचे व्यायाम सुरुवातीला नकोतच. ज्याला खाली बसून आधाराशिवाय उठता येत नाही, त्याचा सगळा जोर उठण्यातच जातो.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. तसं झालं की लगेच बसावं, आणि पुन्हा झालं तर बसून व उभं राहून असा दोन्ही वेळचा दाब डॉक्टरांकडून मोजून घ्यावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये. पावलं बधिर असतील तर पायात नीट मापाचे बसणारे बूट हवेत. वर्षभरात पडला असाल, छातीत दुखत असेल किंवा सांध्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्याआधी, सकाळी उरकून घ्या.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल. गुडघा सुजला किंवा आतून टोचायला लागला तर पुढच्या वेळी आकडा निम्मा करा आणि चादरीची घडी परत वाढवा.