हॅटरसचा दीपस्तंभ: भिंत बांधावी की मनोराच हलवावा?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात केप हॅटरसचा मनोरा 1870 मध्ये उभा राहिला, तेव्हा समुद्र सुमारे 1,500 फूट लांब होता. 1935 पर्यंत तो जेमतेम 100 फुटांवर आला. सरासरी काढली तर वर्षाला 21-22 फूट. पण ती सरासरी फसवी आहे. दीपपालाला कित्येक महिने किनारा जागच्या जागी दिसे आणि एका वादळात बरीच वाळू निघून जाई.

पहिला मार्ग अडवण्याचा. किनाऱ्यापासून समुद्रात बांधलेले बंधारे वाहती वाळू एका बाजूला धरतात, पण पुढच्या किनाऱ्याला ती मिळत नाही आणि तिथली धूप वाढते. भिंत बांधली तरी दोन्हीकडचा किनारा मागे सरून मनोऱ्याचं बेट झालं असतं. त्यातच पाया पाइन लाकडाच्या ओंडक्यांचा होता. गोड्या भूजलात बुडालेला असेपर्यंत तो टिकला. खारं पाणी शिरलं असतं तर लाकूड खराब झालं असतं.

दुसरा मार्ग मागे सरण्याचा. 1999 मध्ये मनोरा पायापासून कापून जॅकवर उचलला आणि रुळांवरून 23 दिवसांत 2,900 फूट नेला. किनारा सरकतच राहणार असेल, तर हाच मार्ग योग्य. अंतर मात्र पुन्हा घटणारच, म्हणून मोजणी थांबवून चालत नाही.