ऑफर आली, आता पगाराचा मेल कसा लिहायचा? एकाच मुलाचे दोन मसुदे

भाचा चिपळूणचा. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेला, लोट्याच्या एका कारखान्यात चार वर्षं क्यूसी लॅबमध्ये काम करतोय. गेल्या महिन्यात त्याला महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीची ऑफर आली, वर्षाला 4 लाख 80 हजार सीटीसी. आत्ताचं सीटीसी 4 लाखांच्या आसपास. घरात पेढे वाटून झाले आणि मग रात्री साडेदहाला फोन आला, "मामा, थोडं वाढवून मागू का? मागितलं तर ऑफर काढून तर घेणार नाहीत ना?"

मी लोट्यालाच एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात पंधरा वर्षं काढली आहेत. असे मेल शेकड्यांनी वाचले. सभ्य भाषेत एकदा वाढवून मागितलं म्हणून ऑफर काढून घेतल्याचं माझ्या टेबलावर तरी घडलेलं नाही. मागणी फुकट गेल्याचं मात्र कितीतरी वेळा पाहिलं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा दोष मेलच्या मांडणीचा होता. म्हणून त्याचा पहिला मसुदा आणि आम्ही मिळून केलेला दुसरा, दोन्ही इथे देतोय. खरा मेल इंग्रजीत गेला, पण मजकूर हाच.

पहिला मसुदा असा होता:

"आदरणीय सर, ऑफरबद्दल मनःपूर्वक आभार. परंतु माझ्या घरची परिस्थिती पाहता सदर वेतनात भागणे कठीण आहे. 2021 च्या पुरात आमच्या घराचे मोठे नुकसान झाले, त्याच्या दुरुस्तीचे कर्ज अजून चालू आहे. बहिणीचे लग्न ठरले आहे. महाडला खोली घ्यावी लागेल, जेवणाचा खर्च वेगळा. तरी कृपया आपल्याकडून जास्तीत जास्त जे शक्य असेल ते वेतन द्यावे, ही नम्र विनंती."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या माळ्याला टेकलं होतं, मी स्वतः चिखल उपसायला गेलो होतो. तरीही या मेलला उत्तर देणं एचआरला जवळपास अशक्य आहे. ऑफर पाठवणारा माणूस पगार ठरवत नाही. तो हा मेल क्यूसी मॅनेजरला किंवा प्लांट हेडला फॉरवर्ड करतो आणि वर एक ओळ लिहितो. ती ओळ काय लिहिणार? "उमेदवाराच्या बहिणीचं लग्न आहे, मंजुरी द्यावी"? शिवाय महाडच्या त्या एचआरच्या घरातही त्याच आठवड्यात सावित्रीचं पाणी शिरलं असण्याची शक्यता भरपूर. सहानुभूती मिळेल, पण मंजुरीच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नसतो.

दुसरी खोट जास्त महागात पडते. "जास्तीत जास्त जे शक्य असेल ते" असं लिहिलं की आकडा समोरच्याने ठरवायचा. तो हजार रुपये वाढवून "जे शक्य होतं ते केलं" म्हणाला, तर आपण कुठल्या तोंडाने पुन्हा विचारणार?

दुसऱ्या मसुद्याआधी आम्ही ऑफर लेटरच्या मागचं परिशिष्ट उघडलं. भाच्याने ते पाहिलंच नव्हतं. महिन्याचं बेसिक 20,000, एचआरए 8,000, स्पेशल अलाउन्स 4,638. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 2,400 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 962, या दोन्ही रकमा सीटीसीतच धरलेल्या. उरलेले वर्षाचे 48,000 व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून वर्षअखेरीला, मिळाले तर मिळाले. महिन्याचा ग्रॉस 32,638. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ 2,400 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 वजा केले की हातात 30,038. आत्ता त्याच्या खात्यात दरमहा 28,400 येतात, घरचं जेवण, कंपनीची बस दारात. कागदावर जवळजवळ वीस टक्क्यांची वाढ आणि हातात सोळाशे रुपये. महाडला खोलीचं भाडंच त्याहून जास्त.

या हिशेबामुळे मागणी बदलली. सीटीसी वाढवा म्हणण्यापेक्षा निश्चित वेतन, म्हणजे सीटीसीतून व्हेरिएबल वगळून उरणारी रक्कम, वाढवा म्हणायचं. नाहीतर कंपनी सीटीसी वाढवते, पण ती वाढ व्हेरिएबलमध्ये टाकते, आणि उमेदवाराला ते पहिल्या पगाराच्या दिवशी कळतं.

दुसरा मसुदा:

"नमस्कार. ऑफरबद्दल आभार. मुलाखतीत पाहिलेली लॅब आणि कामाचं स्वरूप मला आवडलं असून रुजू होण्याची माझी इच्छा आहे. वेतनाबाबत एक विनंती आहे. प्रस्तावात निश्चित वेतन 4,32,000 आणि व्हेरिएबल 48,000 आहे. व्हेरिएबल आहे तसं ठेवून निश्चित वेतन 4,80,000 करता येईल का, हे कृपया पाहावं. याची दोन कारणं. एचपीएलसी आणि जीसी ही दोन्ही उपकरणं मी गेली तीन वर्षं स्वतंत्रपणे हाताळतो आणि मेथड व्हॅलिडेशनचे अहवाल स्वतः तयार करतो, त्यामुळे या कामासाठी वेगळं प्रशिक्षण लागणार नाही. दुसरं, सध्या मी जनरल शिफ्टमध्ये आहे, या पदावर रात्रपाळीसह तिन्ही पाळ्या आहेत. निश्चित वेतनात एवढा बदल शक्य नसेल, तर पहिल्या काही महिन्यांसाठी कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहण्याची सोय होऊ शकेल का, याचाही विचार व्हावा. ऑफरची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. त्याआधी आपलं उत्तर मिळालं तर मला निर्णय कळवणं सोपं जाईल. फोनवर बोलायचं असल्यास संध्याकाळी सहानंतर मी उपलब्ध आहे."

दोन्ही मसुद्यांत नम्रता सारखीच आहे. "नम्र विनंती" हे शब्द पहिल्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत, तरी दुसरा मला जास्त सभ्य वाटतो, कारण वाचणाऱ्याला तो कामाला लावत नाही. फॉरवर्ड करताना एचआरने वर लिहायची ओळ त्यात तयार आहे: "दोन्ही उपकरणं येतात, ट्रेनिंग नको, तीन पाळ्या करेल." प्लांट हेडला हे लगेच कळतं. नवा माणूस उपकरणावर एकटा बसायला किती महिने लागतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

कारणं दोनच ठेवली. भाच्याच्या यादीत सहा होती. सहावं कारण नेहमी सगळ्यात कच्चं असतं आणि नकार देणारा नेमकं तेच उचलतो. "कॉम्प्युटरचं उत्तम ज्ञान" खोडताना तो जरा नाराज झाला.

महाडच्या खोलीचा खर्च दोन्ही मसुद्यांत आहे, पण पहिल्यात तो पगारवाढीचं कारण म्हणून येतो आणि दुसऱ्यात राहण्याच्या सोयीची मागणी म्हणून. फरक व्यवहारी आहे. पगार एकदा वाढवला की कायमचा वाढतो आणि शेजारच्या टेबलावरच्या जुन्या केमिस्टपेक्षा नव्याला जास्त देणं मॅनेजरला जड जातं. गेस्ट हाऊसची खोली मात्र बऱ्याचदा रिकामीच पडलेली असते आणि ती देण्याने वेतनश्रेणी हलत नाही. कंपनीला स्वस्त आणि आपल्याला महाग अशी गोष्ट पर्याय म्हणून खाली ठेवावी. मात्र तिला पहिल्या मागणीच्या आधी आणू नये, नाहीतर तीच देऊन बोळवण होते.

एक तिसरा प्रकारही असतो, "माझी अपेक्षा 5 लाख 20 हजार ते 5 लाख 60 हजार" असा पल्ला देण्याचा. ऑफर यायच्या आधी, फोनवर "एक्सपेक्टेशन काय?" विचारतात तेव्हा तो चालतो, फक्त खालचा आकडा आपल्याला मनापासून मान्य असलेला हवा, कारण वाचणारा तोच वाचतो. लेखी ऑफर हातात आल्यावर, सगळी फोड समोर असताना, पल्ला देण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि पहिला मसुदा कधीच चालत नाही असंही नाही. आंबा कॅनिंगचा किंवा कोलंबीचा घरगुती धंदा असेल, मालक वडिलांच्या ओळखीचा असेल, पगार तोच ठरवत असेल, तर घरची अडचण सांगितलेली लागू पडते. पण ती समोर बसून, चहा घेताना. मेलवर नव्हे.

दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे असं लिहायचं का, हे भाच्याने विचारलंच. खरोखर असेल तर एका वाक्यात लिहावं. नसेल तर नाही. तरुणपणी मी ही हुशारी केली होती. समोरून शांतपणे उत्तर आलं, "त्या ऑफरची प्रत पाठवा, आम्ही जुळवून घेऊ." माझ्याकडे प्रत नव्हती. दोन दिवस उत्तरच दिलं नाही आणि शेवटी जुन्याच आकड्यावर मान खाली घालून सही केली.

भाच्याने मेल ऑफरच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवला, नवा विषय टाकून नाही, म्हणजे फॉरवर्ड होताना मूळ ऑफर खालीच राहते. मंगळवारी सकाळी पाठवला. लोट्याला राजीनामा मात्र अजून दिला नव्हता, सुधारित पत्र हातात येईपर्यंत देऊही नको असं मी बजावलं होतं. साठ दिवसांची नोटीस आहे, दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

गुरुवारी दुपारी एचआरचा फोन आला. निश्चित वेतन 4,80,000 जमणार नाही, 4,56,000 करू, व्हेरिएबल तेच, आणि तीन महिने गेस्ट हाऊस. मी पुन्हा मांडणी केली. नव्या फोडीत बेसिक 21,000 होतं, पीएफ आणि ग्रॅच्युइटीही थोडी वाढते, त्यामुळे महिन्याला निश्चित वेतन 2,000 ने वाढलं तरी हातात 31,750 येतात. मागितलेलं पूर्ण मिळालं असतं तर 33,462 आले असते. म्हणजे मागणीच्या निम्मं, अधिक तीन महिन्यांचं भाडं वाचलं.

पुन्हा मागू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी आकडा हलवला होता आणि दुसऱ्या फेरीसाठी आपल्याकडे नवं कारण नव्हतं. त्याने संध्याकाळी होकाराचा मेल टाकला आणि त्यात एवढंच विचारलं, की गेस्ट हाऊसच्या तीन महिन्यांचा उल्लेख सुधारित पत्रात येईल ना. शुक्रवारी पत्र आलं, त्यात गेस्ट हाऊसची ओळ होती. जेवणाबद्दल काहीच नव्हतं. ते आम्ही दोघंही विचारायला विसरलो होतो.