ईजीआर घेऊन शेवटी सोनं हातात घेतलं, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी इलेक्ट्रॉनिक गोल्ड रिसीट म्हणजे ईजीआर घेत होतो आणि आता त्यातलं सोनं व्हॉल्टमधून बाहेर काढून भाचीच्या लग्नासाठी सोनाराकडे दिलंय. म्हणजे घेण्यापासून काढण्यापर्यंत सगळा प्रवास झाला. घ्यायचं कसं यावर नेटवर बरंच आहे, पण काढायचं कसं आणि काढताना काय काय लागतं यावर फार कमी सापडतं, म्हणून मुख्यतः तेच लिहितोय.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सोन्याची बार सेबीकडे नोंदवलेल्या व्हॉल्ट मॅनेजरच्या तिजोरीत जमा होते, तिच्या बदल्यात डिपॉझिटरीत (सीडीएसएल किंवा एनएसडीएल) एक रिसीट तयार होते आणि ती आपल्या डीमॅटमध्ये शेअरसारखी दिसते. बीएसईवर हे 24 ऑक्टोबर 2022 ला, दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगला सुरू झालं. व्हॉल्ट मॅनेजरसाठीचे सेबीचे नियम 2021 च्या शेवटी आले. गोल्ड ईटीएफमध्ये तुमच्या हातात फंडाचं युनिट असतं आणि आपल्यासारख्या छोट्या माणसाला त्यातून बार मिळत नाही. सॉव्हरिन गोल्ड बाँडमध्ये तर सोनं मिळायचंच नाही, मुदत संपली की पैसे मिळायचे, आणि नवीन बाँडही 2024 च्या फेब्रुवारीनंतर आले नाहीत. ईजीआरमध्ये मात्र रिसीट परत देऊन बार मागता येते, आणि मला बारच हवी होती म्हणून मी इकडे वळलो. ॲपवरचं डिजिटल गोल्ड मी बंद केलं कारण सेबीनेच नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं की ते आमच्या नियमांखाली येत नाही, उद्या काही झालं तर सेबीकडे दाद मागायला जागा नाही.

आता खरं महत्त्वाचं. ट्रेडिंग 1 ग्रॅमच्या पटीत होतं पण सोनं काढायचं तर 10 ग्रॅम किंवा 100 ग्रॅमच्या पटीत. हे घेण्याआधी डोक्यात पक्कं करून ठेवा. मी दर महिन्याला जमेल तसं 3 ग्रॅम 4 ग्रॅम घेत गेलो आणि 24 ग्रॅम झाले तेव्हा काढायची वेळ आली, तर 20 ग्रॅमच निघणार, वरचे 4 ग्रॅम एकतर तसेच ठेवायचे नाहीतर बाजारात विकायचे. मी ठेवलेत, पुढे आणखी 6 घेतले की एक तोळा होईल. तुम्हाला जेवढं सोनं हवंय तेवढ्या पूर्ण तोळ्यांच्या हिशोबानेच खरेदी आखा, म्हणजे शेवटी तुकडा अडकत नाही.

दुसरं शुद्धता. 995 आणि 999, म्हणजे हजारात तेवढे भाग शुद्ध सोनं, अशा दोन शुद्धतेच्या रिसीट वेगवेगळ्या आहेत, त्यांचे आयएसआयएन म्हणजे ओळख क्रमांक वेगळे, त्या एकमेकांत मिसळत नाहीत. 6 ग्रॅम 995 चं आणि 4 ग्रॅम 999 चं असेल तर एकूण 10 झाले तरी तोळ्याची बार मिळणार नाही. त्यामुळे एकच ठरवा आणि त्यातच घेत रहा, मी 999 ठरवलं होतं आणि प्रत्येक वेळी ऑर्डर टाकताना नाव नीट वाचून टाकत होतो.

खरेदीबद्दल एवढंच की सगळेच ब्रोकर हा सेगमेंट देत नाहीत, आधी विचारा. आणि व्यवहार फार कमी होतात, स्क्रीनवर घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यात कधीकधी मोठं अंतर दिसतं. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, अजिबात टाकू नका, लिमिट म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची टाका आणि भरली नाही तर थांबा. मी आधी सराफ बाजारातला जीएसटी सोडून भाव बघायचो, कारण स्क्रीनवरच्या ईजीआरच्या भावातही जीएसटी धरलेला नसतो, आणि मग त्याच्या आसपासच लिमिट लावायचो. माझं मत विचाराल तर रोज घेऊन विकणाऱ्यासाठी ही जागा नाहीच, ज्याला वर्ष दोन वर्षांत खरंच सोनं लागणार आहे त्याच्यासाठी आहे.

आता काढण्याची पद्धत. तुमच्या डीपीकडे, म्हणजे डीमॅट जिथे आहे तिथे, रिसीटच्या बदल्यात सोनं हवं अशी मागणी द्यायची. त्यात किती ग्रॅम, कुठली शुद्धता, कुठल्या ठिकाणाहून घेणार हे भरायचं. ती डिपॉझिटरीकडे जाते, तेवढ्या रिसीट तुमच्या खात्यात लॉक होतात म्हणजे त्या आता विकता येत नाहीत, आणि मागणी व्हॉल्ट मॅनेजरकडे पोचते. तो बाकी असलेले सगळे चार्ज मागतो, ते भरल्यावर डिलिव्हरीची वेळ ठरते, सोनं तुमच्या हातात आलं की तेवढ्या रिसीट कायमच्या रद्द होतात. हा क्रम लक्षात ठेवला की कुठे अडकलंय ते लगेच कळतं. डीमॅटमध्ये रिसीट अजून मोकळ्या दिसत असतील तर मागणी डीपीकडेच पडून आहे, लॉक दिसत असतील तर पुढे गेली आहे आणि आता व्हॉल्टकडे पाठपुरावा करायचा.

माझ्या बाबतीत पहिलं अडलं ते डीपीकडेच. ब्रांचमधल्या मुलाने हा फॉर्म आधी कधी बघितलाच नव्हता आणि तो मला शेअरच्या रीमॅटचा, म्हणजे डीमॅटमधले शेअर कागदी करून घेण्याचा, फॉर्म देत होता. त्याचा दोष नाही, मागणारेच कमी. पण मी खाते उघडतानाच ईमेलवर विचारून ठेवलं होतं की ईजीआर काढण्याची मागणी तुमच्याकडून कशी जाते, ते लेखी उत्तर दाखवल्यावर त्याने वरच्यांना फोन लावला आणि काम पुढे सरकलं. तुम्हीही खरेदी सुरू करायच्या आधी हा ईमेल टाकून ठेवा, आणि उत्तर येत नसेल तर दुसरा ब्रोकर बघा.

ठिकाणाचा मुद्दाही मोठा आहे. नियमाप्रमाणे एका व्हॉल्टमध्ये जमा झालेल्या सोन्याची रिसीट दुसऱ्या ठिकाणच्या व्हॉल्टमधून सोडवता येते, अगदी दुसऱ्या व्हॉल्ट मॅनेजरकडूनही, म्हणजे नेमकी तीच बार तुमच्या नावाने बाजूला ठेवलेली नसते, त्या शुद्धतेची आणि वजनाची बार मिळते. पण व्हॉल्ट मोठ्या शहरांत आहेत. मी सांगलीचा, माझ्या गावात कुठून असणार, मी मुंबई निवडलं. भावोजींना बरोबर घेऊन गेलो कारण परतीच्या प्रवासात ते सोनं आपल्या जबाबदारीवर असतं. आधी ठरवून दिलेल्या वेळेलाच जायचं, ओळखपत्र आणि मागणीची कागदं मूळ लागतात, आत मोबाईल वगैरे बाहेर ठेवायला लावतात आणि ते बरोबरच आहे.

ताबा घेताना घाई करू नका. बार सीलबंद पॅकिंगमध्ये येते, त्यावर आणि सर्टिफिकेटवर रिफायनरीचं नाव, सीरियल नंबर, वजन आणि शुद्धता असते, या चारही गोष्टी एकमेकांशी जुळवून बघा, वजन तिथेच करून घ्या, आणि शंका असेल तर सही करायच्या आधी बोला. पॅकिंग फोडू नका. एकदा बार व्हॉल्टच्या दाराबाहेर गेली की ती सतत सुरक्षित ताब्यात असल्याची साखळी तुटते, नंतर ती पुन्हा जमा करून रिसीट करायची म्हटलं तर आपल्या कपाटातली बार अशी सहज घेत नाहीत. म्हणून फक्त बघायला म्हणून काढू नका, लागणार असेल तेव्हाच काढा.

पैशांचा हिशोब. आकडे सोपे पडावेत म्हणून समजा ग्रॅमला 10,000 रुपये. 20 ग्रॅमचे 2,00,000. ट्रेडिंग करताना त्यावर जीएसटी लागत नाही, सोनं काढताना 3% लागतो म्हणजे 6,000. त्याशिवाय ठेवलेल्या दिवसांचा साठवणुकीचा खर्च, काढण्याची फी, आणि या सेवांवर 18% जीएसटी. शिवाय ब्रोकरेज आणि डीपीचे चार्ज. मुख्य खर्च म्हणजे तो 3% आणि तो दुकानातून नाणं घेतलं असतं तरी लागलाच असता, फक्त इथे तो शेवटी एकदम द्यावा लागतो म्हणून तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा. तोळ्याचं नाणं दुकानात घेताना वर घडणावळ आणि पॅकिंगचे जे पैसे लावतात ते इथे वाचले. उलट ज्याला सोनं काढायचंच नाही त्याने रिसीट विकून टाकली तर हा 3% त्याच्यावर येतच नाही.

इन्कम टॅक्सचा एक चांगला भाग आहे. 2023 च्या बजेटमध्ये असं झालं की रिसीटचं सोनं केलं किंवा सोन्याची रिसीट केली तर तो व्यवहार विक्री धरला जात नाही, म्हणजे नुसतं काढल्यामुळे कॅपिटल गेन लागत नाही. पुढे सोनं विकाल तेव्हा तुमची मूळ खरेदी किंमत आणि जुना कालावधी धरला जातो. त्यामुळे प्रत्येक खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा, बारसोबतच ठेवा, दहा वर्षांनी कोणी विचारलं तर तीच कामाला येईल.

आता सोनाराकडची गोष्ट, हे कोणी सांगत नाही. 20 ग्रॅम 999 म्हणजे शुद्ध सोनं 19.98 ग्रॅम, त्याचं 22 कॅरेट म्हणजे 916 केलं तर साधारण 21.8 ग्रॅमचा दागिना होतो, त्यातून घट जाईल ती वेगळी. दोन दुकानांनी मला सांगितलं की बार आमच्याकडे मोडीत द्या आणि दागिना घ्या. तसं केलं की दागिन्याच्या पूर्ण किमतीवर पुन्हा 3% जीएसटी लागतो, म्हणजे त्याच सोन्यावर दुसऱ्यांदा. त्याऐवजी आपलं सोनं देऊन फक्त घडवून घ्यायचं, जॉबवर्क म्हणून, म्हणजे जीएसटी फक्त घडणावळीवर. बहिणीच्या ओळखीच्या सोनाराने तसं करून द्यायला हो म्हटलं, बारचा सीरियल नंबर आणि वजन पावतीवर लिहून दिलं, आणि हॉलमार्क करूनच देणार म्हणाला. मोठ्या दुकानांत हे बहुतेक नाकारतात, म्हणून बार काढायच्या आधीच सोनार ठरवून ठेवा.

लॉकर नसलेल्या आमच्यासारख्या घरात जमवताना सोनं सुरक्षित राहिलं, शुद्धतेची धाकधूक नव्हती, आणि लग्नाच्या वेळी खरी बार मिळाली, त्यामुळे मी उरलेल्या 4 ग्रॅमवर पुन्हा घेणं सुरू केलंय. पण तुमच्या जवळच्या मोठ्या शहरात व्हॉल्टची सोय नसेल, किंवा ब्रोकर काढण्याबद्दल लेखी द्यायला तयार नसेल, तर सध्या घेऊ नका. कोणाला मागणीच्या फॉर्मबद्दल काही अडलं तर खाली विचारा, मला आठवतंय तेवढं सांगतो.