कोलॅजन की ग्रीन्स पावडर? वहिनींच्या ओट्यावरचे दोन डबे

शहापूरच्या आमच्या वहिनींचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. मधुमेहाची गोळीही चालू आहे. दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाने त्यांच्यापुढे दोन सीलबंद डबे ठेवले. एक कोलॅजनचा, एक हिरव्या पावडरीचा. 'तू बघून सांग, कुठला घेऊ,' म्हणाल्या. मी दोन्ही डबे उलटे फिरवले, कारण पुढच्या बाजूवर हसरे चेहरे आणि पानं असतात, खरी माहिती मागे बारीक अक्षरात असते.

कोलॅजनच्या डब्यावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण होता, म्हणजे मांसाहारी. कोलॅजन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांतलं प्रथिन, बहुतेक गाय-म्हैस, डुक्कर किंवा माशापासून काढतात. आपल्याकडे निपाणी-चिकोडीकडे कितीतरी जैन आणि लिंगायत घरांत अंडंसुद्धा येत नाही, तिथे हा प्रश्न इथेच संपतो. 'व्हेज कोलॅजन' म्हणून जे विकतात त्यात सहसा कोलॅजन नसतंच. बहुतेक क जीवनसत्त्व, बायोटिन आणि काही अर्क असतात. वहिनी मासे खातात, म्हणून पुढे वाचलं.

एका वेळचं माप १० ग्रॅम, डबा २५० ग्रॅमचा, किंमत १२०० रुपये. म्हणजे २५ दिवस, दिवसाला ४८ रुपये. पण त्या १० ग्रॅममध्ये कोलॅजन पेप्टाइड, म्हणजे बारीक तुकडे केलेलं कोलॅजन, फक्त ५ ग्रॅम. गुडघ्यांवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत रोज १० ग्रॅमच्या आसपास कोलॅजन काही महिने दिलेलं आहे. तेवढं हवं तर रोज दोन माप, म्हणजे डबा साडेबारा दिवसांत रिकामा आणि रोजचा खर्च ९६ रुपये.

मग उरलेले ५ ग्रॅम कशाचे? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. दुसऱ्याच नंबरला माल्टोडेक्स्ट्रिन होतं, शेवटी आयएनएस ९५५ हा क्रमांक, म्हणजे सुक्रालोज, साखरेऐवजी गोडी आणणारा कृत्रिम पदार्थ. पुढे मोठ्या अक्षरात 'साखर नाही' आणि ते चुकीचं नव्हतं, पण माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून केलेलं, पोटात झटकन ग्लुकोज होणारं पीठ. तक्त्यात 'साखर'समोर जवळजवळ शून्य, आणि कर्बोदकांसमोर एका मापाला ४ ग्रॅम. दोन मापं म्हणजे ८. साखरेच्या माणसाने 'साखर'ची ओळ सोडून कर्बोदकांची ओळच वाचावी. गोडीसाठी सुक्रालोजऐवजी स्टीव्हिया असेल तर आयएनएस ९६० दिसेल.

आणि माप? मी कोलॅजनचा डबा उघडून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासलं. डब्यातला चमचा सपाट भरला तर १० ग्रॅम, वहिनींनी भरला तसा शीग लावून १४. रोज असंच घेतलं तर २५ दिवसांचा डबा अठराव्या दिवशी संपतो.

दाव्यांचं म्हणाल तर 'सांध्यांना आधार' असं मोघम लिहिलं होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये कोलॅजन हायड्रोलायसेटमुळे, म्हणजे अशाच तुकडे केलेल्या कोलॅजनमुळे, सांधे चांगले राहतात हे सिद्ध झालेलं नाही, असं मत दिलं होतं. त्यानंतरच्या काही अभ्यासांत दुखणं थोडं कमी झालेलं दिसतं, पण त्यातल्या पुष्कळ अभ्यासांना पैसा कोलॅजन बनवणाऱ्या कंपन्यांचाच. आणखी एक, डब्यावर 'प्रथिने' म्हणून आकडा असला तरी कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला अन्नातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल नसतं, तेव्हा ते डाळ-दह्याची जागा घेत नाही.

हिरव्या डब्याचं मला फार सांगायचं नाही. ७ ग्रॅमच्या मापात ५ ग्रॅम 'हिरवं मिश्रण', त्यात गव्हांकुर, स्पिरुलिना, शेवगा धरून बावीस नावं, पण कुठलं किती हे कुठेच नाही. बाकी चव आणि स्टीव्हिया. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणीच असतं, म्हणून ५ ग्रॅम सुकी पावडर म्हणजे फार तर ५० ग्रॅम ताजा पाला, एक मूठभर मेथी. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सांगते. तंतुमय पदार्थ एका मापात १ ग्रॅम. गुडघ्यांसाठी यात काहीच नाही. शिवाय रक्त पातळ करणारी वॉरफरिन कुणी घेत असेल तर हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

म्हणून वहिनींना मी सांगितलं: हिरवा डबा सील फोडण्याआधी परत करा, त्या पैशात सकाळच्या बाजारातली मेथी, शेपू, अंबाडी आणा. कोलॅजन करून बघायचंच असेल तर हा चवीचा नको, बिनचवीचा घ्या, घटकांत कोलॅजनशिवाय दुसरं नाव नसलेला. सपाट चमचा, दिवसाला १० ग्रॅम, बारा आठवडे. आधी डॉक्टरांना विचारा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नक्कीच. जिने किती चढता आले, मांडी घालून किती वेळ बसता आलं, हे दर रविवारी कॅलेंडरवर लिहा. बारा आठवड्यांनी पहिल्या रविवारसारखंच दिसलं तर पुढचा डबा आणायचा नाही.

वहिनींनी कॅलेंडर काढलं आणि पहिल्या रविवारच्या चौकोनात लिहिलं, 'सात पायऱ्या, कठडा धरून.'