त्रिकोण सरकवायचा की उतार मोजायचा?

कपातलं गरम पाणी निवताना दर दोन मिनिटांनी तापमान टिपलंय आणि आता त्यावर मॉडेल बसवायचंय, असं समजा. अनोळखी आकडे दोन: कपाच्या भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेचा गुणांक आणि पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनाचा गुणांक. प्रत्येक जोडीसाठी SciPy चा सॉल्व्हर `solve_ivp` समीकरण सोडवतो, मोजलेल्या आणि काढलेल्या तापमानांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज मिळते, आणि ती बेरीज किमान करायची. हे काम कोणावर सोपवायचं? पायथॉनच्या SciPy मध्ये दोन पर्याय लगेच हाताशी येतात. `fmin` नेल्डर-मीड पद्धतीनं, म्हणजे त्रिकोण सरकवत उतरतं. `minimize` ला दुसरं काही सांगितलं नाही, बंधनं वगैरेही दिली नाहीत, तर ते BFGS वापरतं, म्हणजे उतार मोजून त्या दिशेनं जातं.

त्रिकोणाची चाल कागदावर करून बघण्यासारखी आहे. सोपं फलन घेऊ: f(x, y) = (x−3)² + 4(y−1)². किमान बिंदू (3, 1) आहे हे आपल्याला दिसतं, पद्धतीला नाही. सुरुवातीची तीन टोकं (0, 0), (1, 0) आणि (0, 1). तिथल्या किमती अनुक्रमे 13, 8 आणि 9. सगळ्यात वाईट टोक (0, 0), म्हणून ते उचलायचं आणि उरलेल्या दोघांच्या मध्यबिंदूतून, म्हणजे (0.5, 0.5) मधून, आरशासारखं पलीकडे टाकायचं. बिंदू येतो (1, 1), किंमत 4. हा तर सगळ्यांत चांगला निघाला, मग त्याच दिशेनं आणखी लांब जाऊन बघायचं: (1.5, 1.5), किंमत 3.25. आणखी चांगला, म्हणून हाच ठेवायचा.

आता वाईट टोक (0, 1). प्रतिबिंब (2.5, 0.5) वर पडतं, किंमत 1.25. पुन्हा लांब जाऊन (3.75, 0.25) पाहिलं तर 2.8125, म्हणजे उडी जास्त झाली. प्रतिबिंबच ठेवायचं. तिसऱ्या खेपेला वाईट टोक (1, 0), मध्यबिंदू (2, 1), प्रतिबिंब (3, 2), किंमत 4. ती आधीच्या 8 पेक्षा बरी, पण उरलेल्या दोन्ही टोकांपेक्षा वाईट. अशा वेळी अर्ध्यावर थांबायचं: (2.5, 1.5), किंमत पुन्हा 1.25. हे अर्ध्यावर थांबणंही जमलं नाही, तर सगळा त्रिकोण सगळ्यात चांगल्या टोकाकडे निम्मा आवळायचा. अनोळखी आकडे तीन झाले की त्रिकोणाच्या जागी चार टोकांचं चतुष्फलक येतं. नियम तेच राहतात.

एकूण नऊ वेळा f काढलं आणि 8 वरून 1.25 वर आलो. कुठेही अवकलज लागला नाही. एवढंच नाही, किमतींच्या आकड्यांनाही फारसं महत्त्व नव्हतं. कोण कोणापेक्षा मोठं, इतकंच लागलं. या पद्धतीचं बळ आणि तिची मर्यादा दोन्ही इथेच आहेत.

हेच गुळगुळीत फलन उतार मोजणाऱ्या पद्धतीला दिलं तर ती मोजक्या पावलांत (3, 1) वर जाऊन बसेल, आणि कितीतरी जास्त दशांश स्थळांपर्यंत अचूक. तिथे त्रिकोणाचा निभाव लागत नाही. मॉडेल सरळ सूत्रात लिहिता येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्रिकोणाकडे वळू नका. वर्गांचीच बेरीज असेल तर BFGS पेक्षाही `least_squares` बरं.

पण आपल्या कपाच्या मॉडेलमध्ये सूत्र नाही, सॉल्व्हर आहे. `solve_ivp` ची सापेक्ष चूक ठेवण्याची मर्यादा `rtol`, बदलली नाही तर, 1e-3 असते. शिवाय गुणांक किंचित बदलला की सॉल्व्हर वेळेचे टप्पे वेगळे पाडतो आणि बेरजेला बारीकशी उडी बसते. ती उडी फक्त 1e-6 ची धरू. उतार काढताना BFGS गुणांक साधारण 1.5e-8 ने हलवतं आणि बेरजेतल्या फरकाला तेवढ्यानं भागतं. उडीला 1.5e-8 ने भागलं की उतारात सुमारे 67 ची खोटी भर पडते. खरा उतार 0.5 असेल तर त्याचं चिन्हसुद्धा टिकत नाही. मग पद्धत भलत्याच दिशेला पाऊल टाकते, तिथे काही कमी होत नाही, आणि पडद्यावर येतं: `Desired error not necessarily achieved due to precision loss.` सुरुवातीच्या आकड्यांपासून फारसं न हलता हा संदेश आला, तर आधी सॉल्व्हरवर संशय घ्या.

त्रिकोणाला अशा बारीक उडीनं फरक पडत नाही, निदान तो त्या उडीपेक्षा मोठ्या फरकांवर काम करतो तोवर. एखादा गुणांक ऋण झाला आणि मॉडेल कोसळलं, तर फलनानं 1e10 परत करायचं. ते टोक वाईट ठरतं आणि टाकलं जातं. उतार मोजणारी पद्धत त्या कड्यावर अडखळते.

BFGS वर अन्याय नको म्हणून सांगतो, तिलाही वाचवता येतं. `rtol` 1e-9 करा आणि हलवण्याचं अंतर `eps` मोठं करा. ते 1e-3 केलं तर त्याच उडीची चूक 67 वरून 0.001 वर येते. मात्र हे अंतर गुणांकाच्या आकाराशी जुळलं पाहिजे. गुणांकच 0.01 च्या आसपास असेल तर 1e-3 म्हणजे त्याचा दहावा भाग झाला, आणि वक्रतेची चूक आत शिरते. सॉल्व्हर तुमचा असेल तर हा रस्ता घ्या. बाहेरून आलेला बंद प्रोग्राम असेल, उत्तर चारच दशांश छापत असेल, तर त्रिकोणच घ्या.

त्रिकोण घेतलात तर पहिला त्रिकोण स्वतः द्या. `fmin` प्रत्येक आकडा 5 टक्क्यांनी हलवून टोकं बनवतं, आणि आकडा शून्य असेल तर 0.00025 ने. बाष्पीभवनाचा गुणांक शून्यापासून सुरू केला की त्या बाजूला त्रिकोण सुईसारखा बारीक निघू शकतो. खालच्या ओळींत `chuk` म्हणजे वर्गांची ती बेरीज परत करणारं फलन.

```python
s = [[0.03, 0.01], [0.06, 0.01], [0.03, 0.02]]
p = fmin(chuk, s[0], initial_simplex=s)
```

अनोळखी आकडे दोन ते पाच असतील तोवर मी ही पद्धत निःशंकपणे वापरतो. दहाच्या पुढे गेले की एक एक टोक हलवण्यात फार वेळ जातो आणि आकृती चपटी होत जाते. तिथे उतार मोजणारी, किंवा बिंदूंवरून वर्गसूत्र बसवत जाणारी BOBYQA सारखी पद्धत बरी.

चपटं होणं हा खरा धोका आहे, आणि तो दोन आकड्यांतही येतो. 1998 मध्ये मॅकिनन यांनी असं उदाहरण दाखवलं, ज्यात फलन गुळगुळीत, एकाच किमान बिंदूचं, तरी त्रिकोण आवळत आवळत भलत्याच जागी विरून जातो. प्रोग्राम मात्र काम फत्ते झाल्यासारखा थांबतो, कारण टोकं जवळ आलेली असतात आणि किमतीही जवळपास सारख्या असतात. `fmin` या दोन्ही अटी एकत्र तपासतं हे चांगलं. वरच्या उदाहरणात (2.5, 0.5) आणि (2.5, 1.5) ची किंमत अगदी सारखी होती, आणि तरी किमान बिंदू दोघांपासून दूर होता. पण चपट्या त्रिकोणाला या दोन अटी ओळखू येत नाहीत.

म्हणून उत्तर आलं की त्याच बिंदूभोवती नवा, रुंद त्रिकोण देऊन `fmin` पुन्हा चालवा. किंमत हलली नाही तर बरं. ठळकपणे खाली गेली, तर पहिली धाव अडकली होती, आणि तिसऱ्यांदाही चालवावी लागेल.