चौकोनी कंसातली रिकामी जागा मला 1,00,000 रुपयांना पडली

घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीत मी 1 जानेवारी 2025 पासून अकरा महिन्यांच्या कराराने घर भाड्याने घेतले. भाडे दरमहा 24,000 रुपये, अनामत 1,00,000 रुपये आणि एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे आणखी 24,000 रुपये. लॉक-इन तीन महिन्यांचे आणि त्यानंतर एका महिन्याची पूर्वसूचना देऊन घर सोडता येईल, असे मालकांनी त्यांच्याच दिवाणखान्यात माझ्या पत्नीसमोर सांगितले होते. नोंदणीचा खर्च आणि वेळ कशाला घालवायचा, 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केली की पुरते, असे एजंटने सुचवले आणि मी ते मान्य केले. माझी पहिली चूक हीच होती.

दुसरी चूक आठवली की आजही संताप होतो. नोटरीच्या टेबलाशी उभा राहून मी पाने चाळत असताना नवव्या कलमात ‘लॉक-इन कालावधी [ ] महिने’ असे छापलेले मला स्पष्ट दिसले आणि खाली रंगकामाच्या वजावटीपुढेही नुसती ओढलेली रेघ होती. मी त्या कंसावर बोट ठेवून विचारलेसुद्धा. “साहेब, फॉरमॅटमधलं राहिलंय ते, काकांशी बोलणं झालंय ना आपलं, ऑफिसात गेलो की तीन टाकतो,” असे एजंट म्हणाला. खाली सामानाचा टेम्पो उभा होता, हमाल ताटकळले होते आणि मालक वडिलांच्या वयाचे असल्याने त्यांच्यासमोर अविश्वास दाखवणे मला प्रशस्त वाटले नाही. कार्यालयात दिवसभर इतरांची बिले तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने तिथेच पेन मागून ‘3 (तीन)’ असे लिहायला हवे होते आणि शेजारी दोघांच्या छोट्या सह्या घ्यायला हव्या होत्या. त्याला एक मिनिटही लागले नसते. रक्कम ठरलेली नसेल, तर ती जागा आडवी रेघ मारून बंद करावी. ती मोकळी मात्र कधीही सोडू नये.

सही झालेल्या कराराची प्रत “उद्या देतो” म्हणत एजंटने दिलीच नाही. जूनमध्ये माझी बदली झाली, मी लेखी पूर्वसूचना दिली आणि 31 जुलैला, सात महिन्यांचे भाडे चुकते करून, घराच्या किल्ल्या परत केल्या. तेव्हा मालकांनी पहिल्यांदा करार दाखवला. छापील कंस तसाच होता आणि त्याच्या आत निळ्या बॉलपेनने ‘11’ लिहिलेले होते. रंगकामाच्या रेघेवर त्याच शाईत 28,000 होते. दोन्ही ठिकाणी शेजारी कोणाचीही सही नव्हती. उरलेल्या चार महिन्यांचे 96,000 आणि रंगाचे 28,000 असा 1,24,000 रुपयांचा हिशोब मांडून त्यांनी अनामत ठेवून घेतलीच, वर माझ्याकडेच 24,000 रुपये मागितले.

पोलीस ठाण्यात मला दोन तास बसवून ठेवले आणि मग एकच प्रश्न विचारला: “सही तुमचीच आहे ना?” ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा, असे सांगून तक्रार अर्जावर पोच देण्यासाठीही त्यांनी मला आणखी दोनदा फेऱ्या मारायला लावल्या. नोटरींनी आपण फक्त सह्या साक्षांकित केल्याचे सांगितले. रिकाम्या जागा असलेला कागद साक्षांकित कसा केला, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातला कर्मचारी तर मान वर न करताच म्हणाला की, नोंदणीच नाही तर आमच्याकडे कशाला आलात? नोंदणी कायद्याच्या कलम 20 नुसार, दस्तात रिकामी जागा किंवा खाडाखोड असेल आणि तिथे पक्षकारांची सही नसेल, तर नोंदणी अधिकारी तो दस्त नाकारू शकतो. म्हणजे ज्या टेबलावर हा कंस पकडला जाण्याची शक्यता होती, तेच टेबल एजंटने नोटरीच्या नावाखाली टाळले होते. नोंदणीला नकार देणाऱ्या एजंटला दलाली देऊ नका.

वकिलांकडून मला कळलेली गोष्ट मला आधी माहीत असती तर मी इतका हतबल झालो नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे समोरच्याला सिद्ध करावे लागते. शिवाय सहीच्या आदल्या रात्री एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल माझ्याकडे आहे आणि तिच्यात तोच कंस रिकामा आहे. असे संदेश पुसू नका, आणि सही झाल्यावर टेबल सोडण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो घ्या. मी फक्त शेवटच्या पानाचा घेतला होता.

मूळ करार हजर करावा आणि 1,00,000 रुपये परत करावेत, अशी नोटीस वकिलांमार्फत पाठवली आहे. तिचे 6,000 रुपये वेगळे गेले. मालकांचे उत्तर अजून आलेले नाही आणि त्यांनी मागितलेले 24,000 रुपये मी देणार नाही.